रीलचे शब्द आणि शेवटपर्यंत थांबणारा गिऱ्हाईक

कापडाच्या बाजारात सध्या रील काढून देणाऱ्या मुलांची वर्दळ बरीच वाढली आहे. कोणी महिन्याच्या ठरावावर काम घेतो, कोणी रीलमागे पैसे घेतो. या मंडळींकडून व्यापाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो. "चाळीस शब्दांच्या वर बोलू नका, लोक शेवटपर्यंत थांबत नाहीत." सल्ल्याच्या पुष्ट्यर्थ ते मोबाइल पुढे करतात आणि दाखवतात की लहान रील शंभरातल्या पन्नास जणांनी पूर्ण पाहिली, लांब रील पंचवीस जणांनीच. आकडे खरे असतात. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून घेण्यासारखा आहे, कारण चाळीस शब्दांत बसवण्यासाठी मजकुरातून जे पहिल्यांदा कापले जाते ते बहुधा मालाविषयीचे खरे सांगणे असते. कापडात सूत किती आणि पॉलिस्टर किती, पन्हा किती, धुतल्यावर किती आटेल, ही वाक्ये गळतात आणि "नवा माल आला, लवकर या" एवढे राहते. गिऱ्हाईक शुद्ध सुती समजून साडी घेऊन जातो आणि आठ दिवसांनी ती परत घेऊन येतो.

आमच्या मालेगावच्या दुकानात रीलचे काम आमचा पुतण्या पाहतो. त्याच्याही मनात सर्व मजकूर चाळीस शब्दांवर आणण्याचे होते. आम्ही त्याला सांगितले, आधी झालेल्या रीलचा हिशेब मांडू, मग कात्री लावू. त्या हिशेबाची रीत येथे देत आहोत. दुकान लहान असो की मोठे, ज्याच्याकडे दहा-बारा रील झालेल्या आहेत त्याला हे काम दोन संध्याकाळी करता येते.

कोणता आकडा घ्यावा

प्रथम कोणता दर मोजायचा ते नक्की करावे. शंभर जणांसमोर रील सुरू झाली आणि त्यातले चाळीस शेवटच्या सेकंदापर्यंत टिकले, तर पूर्ण पाहण्याचा दर चाळीस टक्के झाला. हा आकडा सरासरी पाहण्याच्या वेळेपेक्षा वेगळा आहे आणि दोहोंची गल्लत फार होते. इन्स्टाग्रामवर `Average watch time` ठळक दिसते, म्हणून बरेच जण त्यालाच रीलच्या लांबीने भागून पूर्णतेचा दर समजतात. ३० सेकंदांची रील घ्या. अर्धे लोक लगेच निघून गेले आणि अर्ध्यांनी पूर्ण पाहिली, तरी सरासरी १५ सेकंदांच्या आसपास येईल. सगळेच्या सगळे मध्यावर उठून गेले, तरीही सरासरी १५ सेकंदच येईल. पहिल्या रीलला पूर्ण पाहणारे पन्नास टक्के आहेत, दुसरीला एकही नाही. सरासरीवरून हा फरक कळायला मार्ग नाही.

टिकटॉक पूर्ण पाहणाऱ्यांचा आकडा थेट देत असे, पण जून २०२० मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली. म्हणून आम्ही तपासणीसाठी त्याच रीलच्या यूट्यूब शॉर्ट्सवरच्या प्रती घेतल्या. यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रत्येक व्हिडिओची `Audience retention` ही रेषा मिळते. कोणत्या सेकंदाला किती टक्के प्रेक्षक उरले ते त्या रेषेवर बोट ठेवून वाचता येते. आम्हाला दोन जागा वाचायच्या होत्या, तिसरा सेकंद आणि शेवटचा सेकंद.

येथे दोन सावधगिऱ्या बाळगाव्या लागतात. शॉर्ट्स संपली की आपोआप पुन्हा सुरू होते. आठ-दहा सेकंदांच्या रीलमध्ये माणूस नकळत दोन वेळा पाहतो आणि `Average percentage viewed` शंभराच्या वर जाते. अशा फार आखूड रील हिशेबातून बाजूला ठेवाव्यात. दुसरे म्हणजे ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्सचे व्ह्यू मोजण्याची पद्धत बदलली. आता रील सुरू झाली किंवा पुन्हा फिरली की व्ह्यू धरला जातो. त्या तारखेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या रील एका यादीत घालू नयेत. दोन वेगळ्या गजांनी मोजलेले कापड एकाच बिलात लावण्यासारखे ते होईल.

शब्द मोजताना

शब्द लिहिलेल्या कागदावरून मोजू नयेत, रीलमध्ये प्रत्यक्ष बोलले गेले ते मोजावेत. पुतण्याच्या वहीत मजकूर एक असतो आणि कॅमेऱ्यासमोर विक्रेता बोलतो ते दुसरेच असते. ऐकून लिहून काढावे. "४९९" हा कागदावर एक शब्द दिसतो, तोंडाने तो "चारशे नव्व्याण्णव" असा दोन शब्दांचा होतो. तो दोनच धरावा. पडद्यावर नुसती चिकटवलेली अक्षरे, जी कोणी बोलत नाही, ती मोजू नयेत. वाचायला वेळ लागतो हे खरे, पण तो हिशेब निराळा आहे.

आणखी एक बाब आमच्यासारख्यांच्या लवकर ध्यानात येते, कारण आम्ही उर्दू शाळेत शिकलो. मराठी भाषा प्रत्यय शब्दाला जोडून लिहिते, उर्दू आणि हिंदी ते सुटे लिहितात. "मालेगावच्या मागावरची साडी" हे मराठीत तीन शब्द झाले. "मालेगाँव के करघे की साड़ी" हे पाच झाले. मतलब तोच आहे आणि बोलायला वेळही जवळजवळ तेवढाच लागतो. म्हणजे हिंदी रील मराठीपेक्षा उगाच "लांब" ठरणार. आमच्या दुकानाच्या रील दोन्ही भाषांत निघतात. त्या एकत्र केल्या असत्या तर भाषेचा फरक शब्दसंख्येचा फरक म्हणून दिसला असता. म्हणून ही यादी केवळ मराठी रीलची केली. त्याच कारणाने परप्रांतातल्या किंवा इंग्रजीतल्या कोणी सांगितलेला "इतके शब्द" हा आकडा मराठीला जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही.

लिहून काढलेला मजकूर संगणकाच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात ठेवला तर शब्द मोजण्यासाठी हे सूत्र पुरते:

```
=LEN(TRIM(A2))-LEN(SUBSTITUTE(TRIM(A2)," ",""))+1
```

ते मधल्या मोकळ्या जागा मोजते आणि एक मिळवते. एखाद्या ठिकाणी दोन शब्द चिकटून टाइप झाले असतील तर गणना चुकते, म्हणून एकदा नजर फिरवावी.

बारा रीलचा पहिला हिशेब

आम्ही बारा रील घेतल्या. प्रत्येक रील टाकल्यापासून पहिल्या १४ दिवसांचा आकडा धरला, म्हणजे जुन्या रीलला जास्त दिवसांचा फायदा मिळू नये. आणि ५०० पेक्षा कमी वेळा सुरू झालेली एकही रील घेतली नाही. त्याचे कारण सांगितले पाहिजे. १०० जणांनी पाहिलेल्या रीलचा दर ३६ आला, तर त्यात नशिबाची दोलायमानता दोन्ही बाजूंना नऊ-दहा टक्क्यांची असते. आज ३६ दिसते ते दुसऱ्या शंभर जणांत २८ किंवा ४५ सहज होईल. ५०० जणांवर ही दोलायमानता सुमारे चार टक्क्यांवर येते. तेव्हा ५०० वर मिळालेले ३५ आणि ३७ हे एकच समजावेत. त्यांच्या फरकावरून कोणाची पाठ थोपटू नये आणि कोणाला बोलूही नये.

बारांत चार आखूड रील होत्या, ३८, ४०, ४२ आणि ४४ शब्दांच्या, प्रत्येकी सुमारे १८ सेकंदांच्या. त्यांचे पूर्ण पाहण्याचे दर ३८, ५४, ५२ आणि ५२ टक्के निघाले. चार मधल्या होत्या, ७० ते ८० शब्दांच्या, सुमारे ३३ सेकंदांच्या. त्यांचे दर ३७, ३६, ३५ आणि ३६ आले. उरलेल्या चार लांब, १०८, ११२, ११६ आणि १२० शब्दांच्या, सुमारे ५० सेकंदांच्या. त्यांचे दर २४, ४०, २३ आणि २५.

शब्द दुसऱ्या रकान्यात आणि दर तिसऱ्या रकान्यात ठेवून हे सूत्र घातले:

```
=CORREL(B2:B13,C2:C13)
```

उत्तर उणे ०.८३ आले. हा आकडा उणे एक ते अधिक एक यांच्या मध्ये राहतो. शून्याजवळ असेल तर दोन गोष्टींचा एका रेषेत संबंध नाही, उणे एकाजवळ असेल तर एक वाढली की दुसरी घटते. उणे ०.८३ म्हणजे संबंध चांगलाच घट्ट. ढोबळ मानाने दहा शब्द वाढले की शंभरातले तीन प्रेक्षक कमी, असा भाव निघतो. पुतण्या म्हणाला, "चाचा, मी तेच सांगत होतो."

येथेच बहुतेक लोक वही मिटतात.

ताक्याचा दाखला

ज्यांनी माल तपासण्याच्या टेबलावर ताके उलगडले आहेत, त्यांना पुढची गोष्ट समजायला अवघड जाणार नाही. समजा एखादा माग १०० मीटरला सरासरी दोन ऐब टाकतो. कुठे तार तुटलेली असेल, कुठे तेलाचा डाग. ते ऐब कुठेही पडू शकतात. त्या मागाच्या कापडाचे २० मीटरचे तुकडे केले, तर १०० तुकड्यांपैकी सुमारे ६७ बेदाग निघतील. त्याच कापडाचे १०० मीटरचे ताके ठेवले, तर १०० ताक्यांत जेमतेम १३-१४ बेदाग निघतील. माग तोच, कारागीर तोच, सूत तेच. तरी कोणी म्हणेल की लांब ताका विणताना कारागिराने हयगय केली, तर आपण त्याचे ऐकणार नाही. आपण विचारतो, मीटरमागे ऐब किती?

रीलचेही असेच आहे. प्रत्येक सेकंदाला थोडे लोक उठून जातात. सेकंद जास्त तर उठून जाण्याच्या संधी जास्त. म्हणून लांब रीलचा पूर्णतेचा दर कमी येणे यात मजकुराचा काही दोष असेलच असे नाही. दोष आहे की नाही हे पाहायचे तर सेकंदामागे गळती किती, हे काढले पाहिजे.

त्यातही पहिले तीन सेकंद वेगळे ठेवावेत. त्या तीन सेकंदांत जे जातात ते मजकूर ऐकून जात नाहीत. रील समोर आली, आवडली नाही, बोटाने सरकवली, असा तो प्रकार आहे. एकशेवीस शब्दांच्या रीलमध्येही तोवर सहा-सातच शब्द बोलून झालेले असतात. पुढे किती शब्द आहेत हे प्रेक्षकाला ठाऊक नसते. म्हणून तिसऱ्या सेकंदाला जे उरले तेच आपले भांडवल समजावे आणि तिथून शेवटपर्यंत दर सेकंदाला किती घट झाली ते काढावे. चौथ्या रकान्यात सेकंद, पाचव्यात तिसऱ्या सेकंदाचा टक्का आणि तिसऱ्यात शेवटचा टक्का असेल तर सूत्र असे होते:

```
=1-(C2/E2)^(1/(D2-3))
```

आमच्या बहुतेक रीलमध्ये तिसऱ्या सेकंदाला ७५ च्या आसपास लोक उरलेले होते. आता पाहा. आखूड रील १८ सेकंदांची, ७५ वरून ५२ वर आली. पंधरा सेकंदांत ही घट झाली, म्हणजे दर सेकंदाला उरलेल्यांपैकी २.४ टक्के गेले. मधली रील ३३ सेकंदांची, ७५ वरून ३६. दर सेकंदाला २.४ टक्के. लांब रील ५० सेकंदांची, ७५ वरून २४. दर सेकंदाला पुन्हा २.४ टक्के.

तिन्ही गटांत गळती एकच निघाली. म्हणजे एकशेवीस शब्दांचे बोलणे चाळीस शब्दांच्या बोलण्यापेक्षा अधिक कंटाळवाणे नव्हते. ते फक्त अधिक वेळ चालले होते. ०.८३ चा तो घट्ट संबंध दिसत होता तो मुख्यतः घड्याळाचा होता.

दोन रील ज्या रांगेत बसल्या नाहीत

हिशेबात जे आकडे रांगेत बसत नाहीत त्यांतून बरेचदा जास्त कळते. आमच्या बारांत दोन रील अशा होत्या.

पहिली ३८ शब्दांची, सर्वांत आखूड. नियमाने तिला ५२ च्या आसपास दर मिळायला हवा होता, मिळाला ३८. म्हणजे ८० शब्दांच्या रीलच्या बरोबरीला ती येऊन बसली. रेषा उघडून पाहिली तेव्हा तिसऱ्या सेकंदालाच तिचे ५५ लोक उरलेले होते. इतर रीलचे ७५ उरत होते. पुढची गळती मात्र तीच, २.४ टक्के. तिची सुरुवात ऐकली. "नमस्कार मंडळी, आपल्या सर्वांचे आमच्या दुकानात हार्दिक स्वागत." दुकानात येणाऱ्याचे असे स्वागत करणे शोभते, कारण तो पायऱ्या चढून आलेला असतो. रील ज्याच्यासमोर सरकत आली तो अजून रस्त्यावरच आहे. या रीलचे शब्द आणखी कमी केले असते तरी हे नुकसान भरून निघाले नसते, कारण नुकसान पहिल्या वाक्यात झाले होते.

दुसरी ११२ शब्दांची. तिला २४ मिळायला हवे होते, मिळाले ४०. तिसऱ्या सेकंदाला ७८ होते, म्हणजे इतरांपेक्षा किंचितच जास्त. खरा फरक पुढे होता. सेकंदामागे गळती २.४ ऐवजी १.४ टक्के. या रीलमध्ये आमच्या दुकानातल्या मुलाने सुती कापडाचा मीटरभर तुकडा कापला आणि पहिल्याच वाक्यात विचारले, हे धुतल्यावर किती आटेल? मग तो पाण्यात बुडवला, वाळवला, आणि शेवटच्या पाच सेकंदांत टेप लावून मोजला. मधल्या वेळात तो सुताविषयी, पन्ह्याविषयी, पोशाख शिवताना किती कापड जास्त घ्यावे याविषयी बोलत होता. लोक टेप लागण्याची वाट पाहत थांबले आणि त्या निमित्ताने बाकीचे ऐकून गेले.

एका रीलवरून नियम करू नये. पण ५०० च्या वर प्रेक्षक असताना २४ आणि ४० यांतला फरक नशिबाच्या दोलायमानतेने झाला असेल असे म्हणता येत नाही. कापडाच्या कसोटीच्या आणखी काही रील काढून पाहण्याचे आम्ही ठरवले आहे.

शब्द आणि सेकंद वेगळे करणे

एक शंका आमच्या मुनीमजींनी काढली आणि ती रास्त होती. या बारा रीलमध्ये शब्द वाढले तिथे सेकंदही त्याच प्रमाणात वाढले. सगळीकडे बोलण्याचा वेग सेकंदाला सव्वादोन शब्दांच्या आसपास होता. मग परिणाम शब्दांचा की सेकंदांचा, हे या यादीतून सांगताच येत नाही. शिवाय आखूड रील बहुतेक नव्या मालाच्या होत्या आणि लांब रील माहितीच्या. मालाची जातही मध्ये आली.

अशा वेळी जुन्या आकड्यांची कितीही उलथापालथ केली तरी उपयोग नसतो, नवा माल विणावा लागतो. आम्ही चार जोड्या काढल्या. प्रत्येक जोडीत कापड तेच, बोलणारा तोच, चित्रे तीच, पहिले वाक्य तेच आणि लांबी ३० सेकंद. एका रीलमध्ये ५५ शब्द सावकाश बोलले, दुसरीत ७५ शब्द, थोडे भरभर. जोडीतली दुसरी रील आठवड्याने त्याच वारी, त्याच वेळी टाकली. दोन जोड्यांत आधी ५५ शब्दांची टाकली आणि दोन जोड्यांत आधी ७५ ची, म्हणजे आधी येण्याचा फायदा एकाच बाजूला जाऊ नये.

५५ शब्दांच्या रीलना ४०, ३७, ४१ आणि ३८ टक्के मिळाले. ७५ शब्दांच्या रीलना ३८, ३९, ३७ आणि ३६. सरासरी ३९ आणि साडेसदतीस. एका जोडीत तर जास्त शब्दांची रील पुढे गेली. ५०० प्रेक्षकांवर चार टक्क्यांची दोलायमानता धरली तर हे एकसारखेच म्हणावे लागेल. आणि ३० सेकंदांच्या रीलला २.४ टक्क्यांच्या गळतीने किती मिळायला हवेत तेही काढले होते. ७५ पासून सुरुवात करून उत्तर ३९ येते. दोन्ही प्रकार त्याच्या जवळपास बसले.

यावरून एवढे म्हणता येते की सेकंदाला पावणेदोन ते अडीच शब्दांच्या बोलण्यात, लांबी तीच ठेवली तर, शब्दांच्या संख्येने फरक पडलेला दिसत नाही. अडीचच्या वर, लिलावात बोली लावल्यासारखे बोलले तर काय होते, ते आम्ही पाहिलेले नाही. आणि हे आमच्या दुकानाच्या, आमच्या प्रेक्षकांपुरते आहे. सोन्याचांदीवाल्याने किंवा बेकरीवाल्याने आपल्या रील स्वतः मोजाव्यात. त्याची गळती निराळी असेल.

मग कात्री कुठे लावायची

पूर्ण पाहण्याचा दर वाढवणे हेच ध्येय धरले तर उत्तर सोपे आहे. रील दहा सेकंदांची करा, दर आपोआप चढेल. रील काढून देणाऱ्याचा मोबदला या दरावर ठरवलेला असेल तर तो नेमके हेच करील. मोबदल्याचा ठराव करताना व्यापारी बंधूंनी याकडे जरूर लक्ष द्यावे. दर कबूल करायचाच असेल तर सेकंदामागच्या गळतीचा करावा. तो रील आखूड करून सुधारता येत नाही.

आमच्या दृष्टीने प्रश्न असा आहे की गिऱ्हाइकाला जे कळायलाच हवे ते वाक्य किती जणांच्या कानावर पडले. हजार जणांसमोर रील सुरू झाली असे धरा. चाळीस शब्दांच्या रीलमध्ये ५२० जण शेवटपर्यंत पोहोचतील, पण "या साडीत निम्मे पॉलिस्टर आहे" हे वाक्य त्यात नसेल तर ते ऐकणारे शून्य. एकशेपंधरा शब्दांच्या रीलमध्ये तेच वाक्य अगदी शेवटी, दुकानाच्या पत्त्याच्या आधी घातले, तर ते २४० जणांनी ऐकले. त्याच लांब रीलमध्ये ते बाराव्या सेकंदाला आणले तर? तिसऱ्या सेकंदाला ७५० उरले, पुढे नऊ सेकंद २.४ टक्क्यांनी गळाले, म्हणजे बाराव्या सेकंदाला सुमारे ६०० जण हजर असतील. रीलचा पूर्णतेचा दर मात्र तोच, २४. कागदावर ही रील पहिलीच्या निम्म्याहून कमी दिसेल.

म्हणून पुतण्याला आम्ही शब्दांची मर्यादा घातलेली नाही. त्याला दोन गोष्टी लिहून दिल्या आहेत. मिश्रणाचे वाक्य आणि आटण्याचे वाक्य बाराव्या सेकंदाच्या आत यावे. दुकानाचे नाव, पत्ता आणि स्वागत पहिल्या तीन सेकंदांत येऊ नये. नाव पडद्याच्या कोपऱ्यात लिहावे, बोलू नये. बाकी मजकूर ज्याला जितका लागेल तितका.

तक्त्यात त्याने एक रकाना वाढवला आहे, "मिश्रण कितव्या सेकंदाला". त्याच्या शेजारी दुसरा रकाना परत आलेल्या मालाचा. रील पाहून आलेल्या गिऱ्हाइकाने "मला वाटले शुद्ध सुती आहे" म्हणून माल परत केला की गल्ल्यावरचा माणूस तिथे एक रेघ ओढतो. हिंदी रीलचा तक्ता वेगळा ठेवला आहे. त्यातही गळती काढायला सुरुवात झाली आहे, पण ५०० च्या वर गेलेल्या अशा रील अजून पाचच आहेत, आणि पाचांवरून आम्ही काही बोलणार नाही.